दोन्हीकडे कर कापला, तरी बाकी कशी राहिली?

यंदा रमजान ईद मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आली. माझ्या धंद्यातल्या माणसाला ही ईद अवघडच. एकीकडे शीरखुर्मा, दुसरीकडे आर्थिक वर्ष संपायला उरलेले दहा-बारा दिवस. माणगावात माझं छोटंसं कार्यालय आहे. मार्चमध्ये तिथे बसायला खुर्ची मिळत नाही. म्हणून ईदच्या दुसऱ्या दिवशी आपाकडे गेलो, तेव्हा मनाशी ठरवलं होतं की आज कुणाच्या पगाराचा कागद बघायचा नाही.

भाचा पुण्याहून ताम्हिणी घाटातून मोटारसायकलवर आला होता. पाच महिन्यांपर्यंत तो इथेच विळे-भागाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात होता. सप्टेंबरपासून पुण्यात नवी नोकरी, पगार जवळजवळ पावणेदोन पट. आपा खूश, भावोजी त्याहून खूश. पावसाळ्याआधी घराच्या मागच्या पडवीवर स्लॅब टाकायचा बेत ठरला होता, गवंड्याला आगाऊ रक्कम द्यायची होती आणि त्यासाठी भाच्याने ऐंशी हजार बाजूला काढून ठेवले होते.

जेवण झाल्यावर मी सहज विचारलं, "बेटा, जुन्या कंपनीचा पगार नव्या कंपनीला कळवलास ना?"

"कशाला मामू? जुन्यांनी त्यांचा टॅक्स कापला, नवे त्यांचा कापतायत. दोन्हीकडचा भरलाय. माझ्याकडे पगाराच्या स्लिपा आहेत."

त्याने मोबाइल पुढे केला. मी ठरवलेलं सगळं बाजूला राहिलं.

आता त्याच्या स्लिपांमध्ये काय होतं ते सांगतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी ते गोल करून घेतले आहेत, पण हिशेबाची रीत तीच आहे. एप्रिल ते ऑगस्ट 2025 असे पाच महिने जुन्या कंपनीत दरमहा 1,20,000 रुपये, म्हणजे 6,00,000. सप्टेंबर ते मार्च असे सात महिने नव्या कंपनीत दरमहा 2,00,000, म्हणजे 14,00,000. वर्षाचा एकूण पगार 20,00,000. दोन्हीकडे त्याने नवी करपद्धत घेतलेली होती.

जुन्या कंपनीला एप्रिलमध्ये काय ठाऊक असणार? हा मुलगा वर्षभर इथेच राहील असं धरून त्यांनी बारा महिन्यांचा अंदाज बांधला, 14,40,000. त्यातून पगारदारांना मिळणारी 75,000 ची प्रमाणित वजावट काढली, उरले 13,65,000. या उत्पन्नावर 2025-26 च्या दरांनी पहिल्या चार लाखांवर शून्य, पुढच्या चार लाखांवर पाच टक्के, त्यापुढच्या चार लाखांवर दहा टक्के आणि उरलेल्यावर पंधरा टक्के. बेरीज 84,750. त्यावर चार टक्के उपकर धरून 88,140. बाराने भागलं तर महिन्याला 7,345. पाच महिन्यांत कापले गेले 36,725 रुपये. यात जुन्या कंपनीची काहीच चूक नाही.

नव्या कंपनीने काय केलं? तिच्यापुढे मुलगा सप्टेंबरमध्ये आला. त्याने आधीच्या पगाराबद्दल काही दिलं नाही, म्हणून तिच्या हिशेबात त्याची कमाई फक्त सात महिन्यांची, 14,00,000. तिनेही 75,000 वजा केले, उरले 13,25,000. तिनेही पहिले चार लाख शून्यावर धरले, पुढचे चार लाख पाच टक्क्यांवर, त्यापुढचे चार लाख दहावर. कर झाला 78,750, उपकरासह 81,900. सात महिन्यांत वाटले तर महिन्याला 11,700. तिचीही चूक नाही.

दोघांचं मिळून कापलेलं झालं 1,18,625.

आणि आयकर खातं काय बघतं? त्याला कंपन्या दिसत नाहीत, माणूस दिसतो. एक पॅन, एक वर्ष, एक उत्पन्न. 20,00,000 मधून 75,000 एकदाच वजा. उरले 19,25,000. पहिल्या चार लाखांवर शून्य, पुढच्या चारवर 20,000, त्यापुढच्या चारवर 40,000, बारा ते सोळा लाखांवर पंधरा टक्क्यांनी 60,000 आणि सोळा लाखांवरच्या सव्वातीन लाखांवर वीस टक्क्यांनी 65,000. एकूण 1,85,000. उपकर 7,400. सगळा कर 1,92,400.

त्यातून 1,18,625 वजा केले की राहिले 73,775 रुपये.

भाचा स्लिपेकडे बघत राहिला. भावोजींनी विचारलं ते मला अजून आठवतं. "म्हणजे गवंड्याचे पैसे?"

हो, जवळजवळ तेवढेच.

हे पैसे गेले कुठे, असा प्रश्न लोक विचारतात, जणू कुणी खाल्ले. कुठेही गेले नाहीत. त्याच्याच हातात आले होते, दर महिन्याच्या पगारातून थोडे थोडे जास्त. आमच्याकडे आंबेमोहोर घ्यायला दोन दुकानांत जावं, आणि समजा गावात अशी रीत असावी की गिऱ्हाइकाला पहिले चार किलो फुकट, पुढचे स्वस्त आणि नंतरचे महाग. एका दुकानातून चार किलो फुकट घेतले, दुसऱ्या दुकानदाराला पहिल्याबद्दल सांगितलंच नाही, तर तोही चार किलो फुकट देणार. पण रीत गिऱ्हाइकामागे आहे, दुकानामागे नाही. वर्षाखेरीला दोन्ही वह्या एकत्र आल्या की दुसऱ्यांदा फुकट घेतलेल्याचा दाम निघतो. आणि तो स्वस्तातल्या दराने निघत नाही, कारण जास्तीचे किलो ढिगाच्या वर पडतात, महागातल्या दरात. जुन्या कंपनीने त्याच्या पगारातून साधारण सहा टक्के कापले, नव्या कंपनीने सहाहूनही थोडे कमी, आणि एकत्र उत्पन्नावर कर बसला साडेनऊ टक्क्यांहून जास्त. सहा आणि सहा मिळून साडेनऊ कसे होतात, ते इथे आहे.

2025-26 मध्ये या घोळाचं एक आणखी फसवं रूप तयार झालं आहे, ते इथेच सांगून टाकतो, कारण आमच्या भागातल्या मुलामुलींना तेच जास्त लागू पडतं. त्या वर्षापासून नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. पगारदाराला वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंत. घराघरात हे वाक्य पोहोचलं, "बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही." आता एक मुलगी घ्या. सहा महिने एका ठिकाणी 85,000 ने काम केलं, 5,10,000 झाले. पुढचे सहा महिने दुसरीकडे 1,50,000 ने, 9,00,000 झाले. पहिल्या कंपनीने वर्षाचा अंदाज केला तरी तो दहा लाख वीस हजारच, म्हणून कपात शून्य. दुसऱ्या कंपनीला नऊच लाख दिसले, कपात शून्य. दोन्ही स्लिपांवर कराच्या रकान्यात शून्य, मुलगी निर्धास्त. पण एकत्र होतात 14,10,000. वजावट काढून 13,35,000. बारा लाखांची रेघ ओलांडली की सूट जाते आणि कर पहिल्या पायरीपासून मोजला जातो. तो होतो 80,250, उपकरासह 83,460. वर्षभर एक रुपया कापला गेला नव्हता आणि आता त्र्याऐंशी हजार. बारा लाखांच्या अगदी किंचित वर असणाऱ्यांना थोडा दिलासा आहे, वरच्या रकमेपेक्षा कर जास्त होऊ नये असा. पण या मुलीचं उत्पन्न त्याच्या पुष्कळ पुढे गेलं आहे, तिला तो मिळत नाही.

यावरून घाबरून जायचं कारण नाही हेही लिहितो. दोन्ही पगारांची बेरीज पावणेतेरा लाखांच्या आत असेल आणि दुसरं काही उत्पन्न नसेल, तर नव्या पद्धतीत बहुतेक काहीच भरायचं निघत नाही. उलट एखादा ऑक्टोबरमध्ये नोकरी सोडून घरी बसला, तर त्याचा कर जास्त कापला गेलेला असतो, कारण कंपनीने बारा महिने धरले होते. त्याला विवरणपत्र भरून पैसे परत मिळतात. म्हणून आधी बेरीज करा, मग काळजी करा.

आता परत आपाच्या ओसरीवर. मार्चचे दहा दिवस उरलेले. काय करता येईल?

पहिली गोष्ट मी त्याला करायला सांगितली ती कंपनीच्या पगार विभागाला फोन. नोकरी बदलणाऱ्याला नव्या मालकाला जुन्या नोकरीचा तपशील देता यावा म्हणून आयकर नियमांत फॉर्म 12बी आहे. त्यात जुन्या कंपनीचं नाव, पत्ता, तिचा टॅन, किती काळ काम केलं, किती पगार मिळाला, पीएफ किती कापला आणि कर किती कापला, एवढं भरायचं असतं. तो आपण भरतो, आपण सही करतो. जुन्या कंपनीचा शिक्का लागत नाही. सोबत शेवटची पगार स्लिप आणि कराचा हिशेबाचा कागद जोडला की झालं. हा कागद दिला की नव्या मालकाने दोन्ही पगार मिळून कर काढून उरलेला कापायचा असतो.

इथे एक गैरसमज आहे, ज्याने माझ्या ओळखीतली निम्मी मुलं अडकली. "मामू, जुन्या कंपनीचा फॉर्म 16 आला की देतो." फॉर्म 16 येतो वर्ष संपल्यावर, पंधरा जूनपर्यंत. तोवर नव्या कंपनीची मार्चपर्यंतची कपात होऊन गेलेली असते. 12बी साठी फॉर्म 16 ची वाट बघणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर कौलं शाकारायला घेणं. सोडताना हातात आलेल्या शेवटच्या स्लिपेवर वर्षाची आतापर्यंतची बेरीज छापलेली असते. तेवढी पुरते.

भाच्याला पगार विभागातून उत्तर मिळालं की मार्चचा पगार तयार होऊन गेला, आता काही घेता येणार नाही. असं होतं. बऱ्याच ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीतच कागद घेणं बंद करतात. पण समजा घेतलं असतं, तर पूर्ण 73,775 मार्चच्या एकाच पगारातून गेले असते. महिना कठीण गेला असता, तरी व्याज एक रुपयाही लागलं नसतं. हा मुद्दा फार कमी लोकांना ठाऊक आहे. मालकाने पगारातून कापलेला कर वर्षात कधीही कापलेला असो, तो पूर्ण वर्षाचा कर म्हणून वजा होतो. मार्चमध्ये कापला म्हणून व्याज नाही. आपण स्वतः भरला तर मात्र तारखा लागू होतात. म्हणून दोन वाटांपैकी पगारातून कापून घेणं नेहमी स्वस्त. सप्टेंबरमध्येच 12बी दिला असता तर हेच पैसे सात पगारांतून महिन्याला साडेदहा हजार असे गेले असते आणि आपाच्या ओसरीवर ही चर्चाच झाली नसती.

मग राहिला दुसरा मार्ग, स्वतः भरणं. कापलेला कर वजा जाता दहा हजारांहून जास्त बाकी निघत असेल तर कायद्याने तो आगाऊ भरायचा असतो, चार हप्त्यांत. 15 जूनपर्यंत पंधरा टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत एकूण पंचेचाळीस, 15 डिसेंबरपर्यंत पंचाहत्तर आणि 15 मार्चपर्यंत सगळा. चुकलेल्या पहिल्या तीन हप्त्यांवर महिना एक टक्क्याने तीन-तीन महिन्यांचं व्याज आणि शेवटच्यावर एका महिन्याचं. भाच्याने एकही हप्ता भरलेला नव्हता. व्याज निघालं साधारण 3,700 रुपये.

"पण जूनमध्ये मला ही नोकरीच नव्हती," तो म्हणाला. बरोबर आहे त्याचं. जूनच्या हप्त्याचं व्याज त्याच्याकडून घेणं मलाही पटत नाही. शेअर विक्रीचा नफा किंवा लाभांश असा अचानक आला तर कायद्यात त्यासाठी सवलत आहे, पण वाढलेल्या पगाराला ती नाही. पगाराचा कर मालक कापतोच, असं गृहीत धरलं असावं. ते काहीही असो, भरायचं ते भरायचंच.

दुसरं एक व्याज मात्र अजून टाळता येत होतं आणि त्यासाठीच मी त्याला त्याच दिवशी लॅपटॉप उघडायला लावला. 31 मार्चपर्यंत भरलेली रक्कम आगाऊ कर म्हणून धरली जाते. एप्रिल उजाडला की बाकीवर दर महिन्याला एक टक्का वेगळं व्याज सुरू होतं, भरेपर्यंत. बहुतेक लोक जुलैमध्ये विवरणपत्र भरताना भरतात, तेव्हा चार महिन्यांचे आणखी जवळजवळ 2,950 रुपये जातात. दहा दिवसांच्या हालचालीने ते वाचत होते.

भरणं अवघड नाही. आयकर खात्याच्या www.incometax.gov.in या संकेतस्थळावर पहिल्या पानावरच `e-Pay Tax` आहे. पॅन आणि मोबाइल क्रमांक दिला, ओटीपी आला की `Income Tax` निवडायचं. त्यात आकारणी वर्ष `2026-27`. इथे लोक चुकतात. 2025-26 या आर्थिक वर्षाचं आकारणी वर्ष एक पुढचं असतं. मग प्रकार `Advance Tax (100)`. 31 मार्चनंतर भरत असाल तर तिथे `Self Assessment Tax (300)` येतं. भाच्याने 73,775 आणि व्याजाचे 3,700 च्या वर थोडे मिळून सरळ 77,500 भरले. व्याज वेगळं मोजत बसण्यापेक्षा आगाऊ करातच थोडं जास्त भरलं की विवरणपत्राच्या वेळी ते आपोआप वळतं होतं. पावती उतरवून घेतली. चार-पाच दिवसांनी वार्षिक माहिती विवरणात ती रक्कम दिसली, तेव्हा काम पुरं झालं असं मी मानलं. पैसे खात्यातून गेले म्हणजे कर भरला गेला असं समजू नका. चुकीच्या वर्षाला गेलेला कर तिथेच पडून राहतो आणि बाकी बाकीच दिसते. तसं झालं तर दुरुस्तीची सोय त्याच संकेतस्थळावर आहे, पण ती लगेच करावी.

गवंड्याला निरोप गेला की पैसे पुढच्या पगाराला. तो चांगला माणूस, थांबला.

जे मार्चमध्ये जागे झाले नाहीत, त्यांच्यासाठी विवरणपत्राची गोष्ट. साध्या पगारदाराची शेवटची तारीख 31 जुलै. हातात दोन फॉर्म 16 असतात, आणि चुका याच ठिकाणी होतात. प्रत्येक फॉर्म 16 मध्ये वजावट आधीच काढून करपात्र पगार दाखवलेला असतो. पुष्कळ जण दोन्हीकडची ही शेवटची रक्कम घेऊन बेरीज करतात. भाच्याच्या बाबतीत 5,25,000 आणि 13,25,000 मिळून 18,50,000. हे चूक, कारण 75,000 दोनदा वजा झाले. बेरीज करायची ती वरच्या एकूण पगाराची, 20,00,000, आणि मग वजावट एकदाच. संकेतस्थळावर भरून आलेले आकडे तसेच पुढे ढकलू नका. एखाद्या वेळी एकाच कंपनीचा पगार आलेला असतो.

याच्या उलट चूकही मी पाहिली आहे, तीही प्रामाणिक माणसाची. त्याने 12बी वेळेत दिला होता. त्यामुळे नव्या कंपनीच्या फॉर्म 16 मध्ये जुन्या मालकाकडून मिळालेला पगार वेगळ्या ओळीत धरलेला होता. त्याला वाटलं दोन फॉर्म आहेत, दोन्ही जोडायचे. जुना पगार दोनदा मोजला गेला आणि नसलेल्या उत्पन्नावर कर निघाला. दुसऱ्या फॉर्म 16 मध्ये इतर मालकाकडून मिळालेल्या पगाराची ती ओळ रिकामी आहे की भरलेली, हे आधी बघा. कापलेला कर मात्र दोन्ही परिस्थितीत ज्याने कापला त्याच्याच टॅनखाली दाखवायचा, दोन ओळींत.

आणि जुनी नोकरी लपवण्याचा विचारही मनात आणू नका. पाच महिने कुठे काम केलं ते फॉर्म 26एएस आणि वार्षिक माहिती विवरणात पगारासकट दिसत असतं. ते विवरणपत्राशी जुळलं नाही की नोटीस येते, आणि तेव्हा व्याजाचे महिने वाढलेले असतात.

एक प्रश्न मला तरुण मुलं कानाशी येऊन विचारतात. नव्या कंपनीला जुना पगार कळू द्यायचा नसेल तर? मुलाखतीत थोडं वाढवून सांगितलेलं असतं, दुसरं काय. कायदा तुम्हाला 12बी देण्याची सक्ती करत नाही. नका देऊ. पण मग मालकाच्या जागी तुम्हीच उभे राहा, नोकरी बदलल्याच्या महिन्यातच दोन्ही पगारांची बेरीज करून आगाऊ कराचा हप्ता स्वतः भरा. कागद न देण्याने कर कमी होत नाही, फक्त तो कुणी मोजायचा ते बदलतं.

करपद्धतीचंही एक लक्षात ठेवा. जुन्या कंपनीत जुनी पद्धत सांगितली, घरभाडं, विमा दाखवला आणि नव्या कंपनीत नवी पद्धत घेतली, असं घडतं. वर्षाला पद्धत एकच. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला ती विवरणपत्रात निवडता येते, पण दोन्ही पगारांना तीच लागणार. मिसळ असेल तर बाकीचा आकडा वरच्या उदाहरणासारखा सरळ निघणार नाही, दोन्ही पद्धतींनी संपूर्ण हिशेब मांडून बघावा लागतो.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. आर्थिक वर्ष आणि आकारणी वर्ष ही जोडी जाऊन आता फक्त कर वर्ष म्हणायचं, आणि नियम व फॉर्मही नव्याने लावले आहेत. 2025-26 चं विवरणपत्र मात्र जुन्याच कायद्याने भरायचं आहे. तेव्हा या वर्षी नोकरी बदलाल तर फॉर्मच्या क्रमांकावर अडून बसू नका. नव्या कंपनीत रुजू होताना सरळ सांगा, "मागच्या नोकरीच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील द्यायचा आहे." आणि दुसऱ्या महिन्याच्या स्लिपेसोबत येणाऱ्या कराच्या हिशेबात मागील मालकाच्या उत्पन्नाची ओळ शोधा. तिथे शून्य असेल तर तुमचा कागद कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे.

पडवीचा स्लॅब मे महिन्यात पडला. भाचा सुट्टी घेऊन आला होता. त्याच्यासोबत कारखान्यातला जुना मित्र होता, तो ऑगस्टमध्ये नोकरी बदलतोय. सिमेंटच्या गोण्यांवर बसून भाचा त्याला विचारत होता, "शेवटची स्लिप घेतलीस का रे? टॅन लिहून घे त्यावरचा."